लघुपटाच्या ट्रेलरचा मेटाडेटा शेवट न फोडता कसा लिहावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेलरमध्ये शेवटाची एकही चौकट नसावी यासाठी संकलक आठवडा घालवतो. त्यानंतर ट्रेलर चढवायच्या रात्री कोणीतरी घाईघाईने वर्णन, तारीख, नावे आणि टॅग भरतो, आणि जे चित्रातून लपवले होते ते मजकुरातून बाहेर पडते. लघुपट अठरा-वीस मिनिटांचा असतो आणि त्यात बहुधा एकच वळण असते, त्यामुळे ते आधी कळले तर पाहण्यासारखे फार थोडे उरते. खालची उत्तरे एका कल्पित लघुपटाच्या आधाराने दिली आहेत, कारण नेमके उदाहरण समोर नसेल तर हा विषय समजत नाही.

उदाहरणाचा लघुपट कोणता, आणि त्यात काय लपवायचे आहे?

लघुपटाचे नाव ‘आंतरदेशीय’ असे धरू. लांबी 18 मिनिटे, ट्रेलर 1 मिनिट 10 सेकंदांचा. काळ 1998, स्थळ सातारा जिल्ह्यातले एक गाव. एकट्या राहणाऱ्या अनसूयाबाईंना दर महिन्याला मुंबईचा शिक्का असलेले निळे आंतरदेशीय पत्र मुलाचे म्हणून येते आणि ते त्या पोस्टमन दौलतकडून वाचून घेतात. दौलतच्या बदलीचा हुकूम येतो, आणि आपण गेल्यावर यांची पत्रे कोण वाचणार, या विचाराने तो दुसरा वाचणारा शोधू लागतो. शेवटी उलगडते ते असे : अनसूयाबाई एकेकाळी शिक्षिका होत्या, ती पत्रे त्या स्वतःच लिहीत होत्या आणि मुंबईच्या एसटीचा कंडक्टर ती मुंबईच्या पेटीत टाकत होता. महिन्यातून एकदा कोणीतरी दारात यावे आणि दहा मिनिटे बसावे, एवढ्यासाठी हे सगळे चालले होते.

येथे लपवायच्या गोष्टी दोन आहेत : अनसूयाबाईंना लिहिता-वाचता येते, आणि पत्रे त्यांच्याच हातची आहेत. मेटाडेटा लिहायला बसण्यापूर्वी आपल्या लघुपटाबद्दल अशी एक-दोन वाक्ये कागदावर लिहून समोर ठेवावीत. ‘शेवट सांगू नका’ एवढीच सूचना पुरत नाही, कारण मजकूर भरणाऱ्याला शेवटाचा नेमका कोणता धागा झाकायचा आहे हे माहीत असावे लागते.

मेटाडेटा म्हणजे नेमका कोणकोणता मजकूर धरायचा?

शीर्षक, लॉगलाइन, लांब वर्णन, प्रदर्शनाची तारीख, श्रेयनामावली, प्रकार, टॅग, थंबनेल आणि त्याचा पर्यायी मजकूर, सबटायटलची फाइल, संकेतस्थळाच्या पानामागची यंत्रवाचनीय नोंद, आणि खुद्द व्हिडिओ फाइलच्या आत दडलेली माहिती. यांतले पहिले पाच सगळ्यांच्या लक्षात असतात. गळती बहुतेक वेळा उरलेल्या सहांतून होते, म्हणून त्यांच्यासाठी खाली स्वतंत्र प्रश्न घेतले आहेत.

लॉगलाइन कशी लिहावी?

लॉगलाइन म्हणजे एक किंवा दोन वाक्यांत पात्र, त्याच्यासमोर आलेला पेच आणि त्याला काय करायचे आहे, एवढेच. शेवट टाळायची सर्वांत भरवशाची पद्धत अशी, की लॉगलाइनमधली प्रत्येक गोष्ट लघुपटाच्या पहिल्या चतुर्थांशात पडद्यावर घडलेली असावी. 18 मिनिटांच्या लघुपटात याचा अर्थ पहिली साडेचार मिनिटे. ‘आंतरदेशीय’मध्ये तेवढ्या वेळात पत्र येते, वाचले जाते, बदलीचा हुकूम येतो आणि दौलत दुसरा वाचणारा शोधायचे ठरवतो. लॉगलाइनला एवढे पुरते.

ही लॉगलाइन प्रत्यक्षात कशी घडत जाते ते पाहण्यासारखे आहे. पहिला मसुदा बहुधा असा येतो : ‘एकटेपण सहन न होऊन स्वतःलाच पत्रे लिहिणाऱ्या अनसूयाबाईंची हृदयस्पर्शी कथा.’ यात सगळेच फुटले, हे लिहिणाऱ्याच्याही लगेच ध्यानात येते. मग तो दुसऱ्या टोकाला जातो : ‘अनसूयाबाईंना येणारी पत्रे खरोखरच त्यांच्या मुलाची आहेत का? धक्कादायक शेवट पाहायला विसरू नका.’ येथे उत्तर दिलेले नाही, पण संशय पेरला आहे. हा प्रश्न वाचून बसलेला प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून पत्राच्या अक्षराकडे पाहत राहील, आणि सातव्या मिनिटाला त्याला कळलेले असेल. ‘धक्कादायक’, ‘अनपेक्षित वळण’, ‘शेवटपर्यंत पाहा’ हे शब्द शेवट सांगत नाहीत, पण शेवटावर पहारा ठेवायला सांगतात. माझ्या मते ते लॉगलाइनमध्ये कधीच नसावेत.

तिसरा मसुदा सावध असतो, आणि तरीही चुकतो : ‘निरक्षर समजल्या जाणाऱ्या अनसूयाबाई मुलाची पत्रे पोस्टमनकडून वाचून घेतात.’ ‘समजल्या जाणाऱ्या’ या दोन शब्दांत शेवट आहे. ते काढून नुसते ‘निरक्षर’ लिहिले तर गळती थांबते, पण मग वाक्य खोटे होते, आणि लघुपट पाहून परत आलेल्या प्रेक्षकाला आपल्याशी लबाडी झाली असे वाटते. ‘मुलाची पत्रे’ हेही त्याच अर्थाने खोटे आहे.

यातून वाट काढायची ती अशी : पात्र काय *आहे* हे सांगू नये, पात्र काय *करते* हे सांगावे. अनसूयाबाई पत्र वाचून घेतात, हे लघुपट पाहण्याआधीही खरे आहे आणि पाहिल्यानंतरही. पत्र मुलाचे आहे असे न म्हणता त्यावर मुंबईचा शिक्का आहे असे म्हटले, तर तेही दोन्ही वेळा खरे. त्यानुसार अंतिम लॉगलाइन अशी होते :

‘1998. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात अनसूयाबाई मुंबईचा शिक्का असलेले आंतरदेशीय पत्र दर महिन्याला पोस्टमन दौलतकडून वाचून घेतात. दौलतच्या बदलीचा हुकूम येतो, आणि पुढचे पत्र येण्याआधी त्याला त्यांच्यासाठी दुसरा वाचणारा शोधायचा असतो.’

जेथे जागा कमी आहे तेथे छोटी आवृत्ती : ‘बदली होण्यापूर्वी पोस्टमन दौलतला अनसूयाबाईंना दर महिन्याला येणारे पत्र वाचून दाखवणारा दुसरा माणूस शोधायचा आहे.’

या दोन्ही लॉगलाइन दोनदा वाचून पाहाव्यात, एकदा शेवट माहीत नसल्यासारखे आणि एकदा माहीत असताना. दुसऱ्या वाचनात एकही शब्द खोटा ठरत नाही, उलट ‘वाचून घेतात’ या शब्दांना नवा अर्थ येतो. लॉगलाइन या कसोटीला उतरली की तिच्यात आणखी भर घालण्याचा मोह आवरावा.

मराठीत लिहिताना शेवट फुटण्याचा काही वेगळा धोका असतो का?

होय, आणि तो व्याकरणातून येतो. मराठी क्रियापदाला आणि धातुसाधिताला लिंग असते. ‘ही पत्रे लिहिणारा कोण?’ असे लिहिले तर पुरुषाकडे बोट जाते आणि वाचकाची फसवणूक होते, ‘लिहिणारी कोण?’ असे लिहिले तर सगळेच संपते. अशा जागी कर्त्याला वाक्यातून बाहेर काढावे : ‘ही पत्रे कोणाच्या हातची?’ किंवा ‘ही पत्रे कोठून येतात?’ त्यातही ‘कोणाच्या हातची’ हा प्रश्न या लघुपटापुरता टाळावा, कारण तो लिहिणाऱ्याबद्दल शंका उत्पन्न करतो.

काळाचेही तसेच आहे. एखाद्या पात्राबद्दल ‘ते गावातले एकमेव डॉक्टर होते’ असे लिहिले, की ते पात्र वारते की काय, हा विचार वाचकाच्या मनात येतो. लॉगलाइन सरळ वर्तमानकाळात लिहिली तर हा प्रश्न उरत नाही. आदरार्थी अनेकवचनाची मात्र मदत होते. ‘अनसूयाबाई’ आणि ‘त्या’ हे शब्द त्यांच्या भूतकाळाबद्दल काही सांगत नाहीत, परंतु वर्णनात कोठेही ‘अनसूया बाई’ अशी शाळेतली ‘बाई’ सुचवणारी फोड पडू देऊ नये. शब्द तोडल्याने येथे पात्राचा व्यवसायच उघड होतो.

प्रदर्शनाची तारीख लिहिताना कोणत्या चुका होतात?

पहिली चूक म्हणजे वेगवेगळ्या तारखा एकमेकींत मिसळणे. ट्रेलर चढवल्याची तारीख, महोत्सवातल्या पहिल्या खेळाची तारीख आणि लघुपट सर्वांसाठी खुला होण्याची तारीख या तीन निराळ्या गोष्टी आहेत. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत फक्त तिसरी द्यावी, कारण प्रेक्षकाला तीच हवी असते. महोत्सवातला खेळ झाला असेल तर तो खाली स्वतंत्र ओळीत सांगावा.

दुसरी चूक तारखेच्या लेखनाची. ‘09/10/2026’ ही तारीख साताऱ्यात 9 ऑक्टोबर आणि न्यू जर्सीतल्या मराठी प्रेक्षकाला 10 सप्टेंबर अशी वाचता येते. त्यामुळे महिना अक्षरात लिहावा, आणि वार व वेळ जोडावी : ‘शुक्रवार, 9 ऑक्टोबर 2026, सायंकाळी 6 वाजता (भारतीय प्रमाणवेळ)’. वार लिहिताना दिनदर्शिका पाहावी, कारण वार आणि तारीख जुळली नाही तर वाचक दोन्हींवर विश्वास ठेवत नाही.

तारीखसुद्धा शेवट सुचवू शकते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. 9 ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन आहे. पोस्टमनच्या लघुपटासाठी तो दिवस शोभतो आणि काही फोडतही नाही, कारण टपाल ही कथेची उघड बाजू आहे. हाच लघुपट 8 सप्टेंबरला, म्हणजे आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी आणायचे ठरवले आणि वर्णनात तसे अभिमानाने नमूद केले, तर वाचता येणे अथवा न येणे हा कथेचा गाभा आहे हे प्रेक्षकाला आधीच कळते. तारीख निवडण्याचे कारण लिहायचे असेल तर ते कारण कोणत्या बाजूचे आहे, उघड की झाकलेल्या, हे पाहून घ्यावे.

तारीख पक्की नसेल तर ‘ऑक्टोबर 2026’ एवढेच लिहावे. खोटी नेमकी तारीख देऊन ती दोनदा पुढे ढकलण्यापेक्षा हे बरे.

श्रेयनामावलीतून शेवट कसा फुटतो?

भूमिकांच्या नावांतून. एका लघुपटाच्या वेळी ही चूक मी स्वतः केली आहे. पूर्ण श्रेयनामावली जशीच्या तशी ट्रेलरखाली चिकटवली, आणि त्यात एका अभिनेत्रीच्या नावापुढे नायिकेच्या वृद्धापकाळातील रूपाचा उल्लेख होता. नायिका कथेतल्या एका रात्री जिवंत राहते की नाही, यावरच लघुपट उभा होता. ट्रेलर दोन दिवस तसाच राहिला. दिग्दर्शकाने काही बोलून दाखवले नाही, पण तेव्हापासून मी भूमिकांचा स्तंभ नेहमी शेवटी आणि एकेक ओळ थांबून वाचतो.

‘आंतरदेशीय’ची श्रेयनामावली अशाच नजरेने पाहू. ‘दौलत’, ‘अनसूयाबाई’, ‘पोस्टमास्तर’, ‘दौलतची पत्नी’ या भूमिका निर्धोक आहेत. ‘कंडक्टर’ हीसुद्धा निर्धोक आहे. शेवटात त्याचा मोठा वाटा असला तरी गावात एसटी येते आणि तिला कंडक्टर असतो, यात कोणाला काही खटकत नाही. मात्र ‘तरुण अनसूया (शिक्षिका)’ ही नोंद एका कंसात अर्धा शेवट सांगते. उरलेला अर्धा तांत्रिक श्रेयांत आहे : ‘अनसूयाबाईंचे हस्ताक्षर’ असे लिहून ज्या कलाकाराने पत्रे लिहिली त्यांचे नाव दिले आहे. ऋणनिर्देशात चित्रीकरणासाठी वर्ग उपलब्ध करून देणाऱ्या प्राथमिक शाळेचे आभार आहेत. या तीन ओळी एकत्र वाचणाऱ्याला लघुपट पाहायची गरज उरत नाही.

मग अशा लोकांची नावे वगळायची का?

नाही. गुपित राखण्यासाठी कोणाचे श्रेय काढून घेणे मला मान्य नाही, आणि त्याची आवश्यकताही नसते. नाव ठेवावे आणि भूमिकेचा किंवा कामाचा शब्द बदलावा. प्रदर्शनापूर्वी ‘तरुण अनसूया (शिक्षिका)’ऐवजी त्या अभिनेत्रीचे नाव ‘अन्य कलाकार’ या मथळ्याखाली, भूमिका न देता यावे. हस्ताक्षर करणाऱ्या कलाकाराचे नाव ‘कला साहाय्य’ यात यावे. शाळेचा उल्लेख ऋणनिर्देशात इतर दहा नावांमध्ये केवळ गावाच्या नावासह करावा, किंवा ट्रेलरपुरता ‘समस्त ग्रामस्थ’ या शब्दांत सामावून घ्यावा. हा बदल तात्पुरता आहे हे संबंधित व्यक्तीला आधी सांगावे आणि तिची संमती घ्यावी. आपले नाव चुकीच्या विभागात पाहून माणूस दुखावतो, आणि ट्रेलर सर्वत्र गेल्यावर स्पष्टीकरण देणे अवघड होते.

ट्रेलरखाली पूर्ण श्रेयनामावली देणे बंधनकारक आहे असेही नाही. दिग्दर्शन, कथा-पटकथा-संवाद, छायालेखन, संकलन, ध्वनी आरेखन, संगीत, कला दिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा, निर्मिती आणि प्रमुख कलाकार एवढे पुरते. कोणता क्रम ठेवायचा ते लघुपटातल्या श्रेयपाट्यांवरून ठरवावे, आणि नावाचे लेखनही तेथल्यासारखेच असावे. एकाच संकलकाचे नाव एका ठिकाणी आद्याक्षरांसह आणि दुसऱ्या ठिकाणी पूर्ण लिहिले, तर आयएमडीबीसारख्या नोंदसंग्रहांत त्या एकाच माणसाची दोन पाने तयार होऊ शकतात. रोमन लिपीतले लेखन कसे हवे ते ज्याचे त्यानेच ठरवावे, म्हणून विचारून घ्यावे.

आयएमडीबीवर ‘सारांश’ आणि ‘सविस्तर कथा’ यांत फरक आहे का?

आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. तेथली छोटी कथारेषा इंग्रजीत आणि 239 अक्षरांच्या आत द्यावी लागते, आणि तिच्यात शेवट सांगायचा नसतो. त्याखेरीज ‘सिनॉप्सिस’ नावाचा वेगळा रकाना आहे, ज्यात शेवटासकट पूर्ण कथा अपेक्षित असते. महोत्सवाच्या निवड समितीसाठी लिहिलेले पूर्ण कथासार चुकून छोट्या रकान्यात चिकटवले जाते, हा नेहमीचा अपघात आहे. दोन्ही मजकूर वेगळ्या फाइलींत ठेवावेत आणि फाइलीच्या नावातच ‘सार्वजनिक’ व ‘केवळ समितीसाठी’ असे लिहावे.

इंग्रजी अनुवाद करणाऱ्या व्यक्तीलाही झाकायच्या दोन गोष्टी सांगाव्यात. ‘मुंबईचा शिक्का असलेले पत्र’ हे इंग्रजीत जाताना सफाईच्या ओघात ‘मुलाचे पत्र’ होऊन बसते, आणि मराठीत जपलेला खरेपणा तेथे जातो.

शीर्षकात किती माहिती द्यावी?

लघुपटाचे नाव, ‘मराठी लघुपट’, ‘ट्रेलर’ आणि तारीख, एवढीच. यूट्यूबवर शीर्षकाला 100 आणि वर्णनाला 5000 वर्णांची मर्यादा आहे. देवनागरीत ही मर्यादा दिसते त्याहून लवकर भरते, कारण यंत्र मात्रा, अनुस्वार आणि हलन्त स्वतंत्र मोजते. ‘आंतरदेशीय’ या शब्दात आपल्याला सहा अक्षरे दिसतात, यंत्र नऊ मोजते. वर दिलेली छोटी लॉगलाइन पंधरा शब्दांची आहे आणि ती 110 वर्ण भरते.

मजकूर युनिकोडमध्येच असावा. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या फॉन्टांतून उचललेला मजकूर पडद्यावर निरर्थक चिन्हांसारखा उमटतो. ज्यांना नाव रोमन लिपीत टंकून शोधायची सवय आहे त्यांच्यासाठी वर्णनाच्या शेवटी नावाचे एक रोमन रूप द्यावे.

आणखी एक : यूट्यूब चढवलेल्या फाइलीचे नावच प्राथमिक शीर्षक म्हणून भरते. फाइलीचे नाव `antardeshiya_shevat_kapun_v7.mp4` असे असेल आणि कोणी घाईत तसेच प्रकाशित केले, तर निदान काही मिनिटे ते सर्वांना दिसते. चढवण्याआधीच फाइलीला `antardeshiya_trailer.mp4` असे साधे नाव द्यावे.

प्रकार आणि टॅग यांत काय टाळावे?

प्रकाराच्या रकान्यात ‘रहस्य’ निवडले, की प्रेक्षक रहस्य शोधतच येतो. ‘आंतरदेशीय’साठी ‘नाट्य’ हा प्रकार योग्य आहे, आणि तो खराही आहे. टॅगमध्ये उघड बाजूचे शब्द द्यावेत : पोस्टमन, टपाल, सातारा, मराठी लघुपट, आंतरदेशीय पत्र. ‘साक्षरता’, ‘निवृत्त शिक्षिका’, ‘एकटेपणा’ हे टॅग शोधासाठी कितीही उपयोगी वाटले तरी प्रदर्शन होईपर्यंत ठेवू नयेत. टॅग प्रेक्षकाला दिसत नाहीत असे समजणे चुकीचे आहे. पानाच्या मूळ मजकुरात ते वाचता येतात आणि वाचणारे लोक असतात.

थंबनेलला मजकूर नसतो. त्यातून काय फुटणार?

यूट्यूब स्वतःहून तीन चौकटी सुचवते आणि त्या कथेचा विचार करून निवडलेल्या नसतात. आंतरदेशीय पत्राच्या मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचे नाव व पत्ता लिहायची जागा असते, आणि त्या पत्राचे जवळचे दृश्य थंबनेल म्हणून गेले तर प्रेक्षक ते थांबवून, मोठे करून वाचू शकतो. स्वतःचे थंबनेल देण्यासाठी खाते फोन क्रमांकाने पडताळलेले असावे लागते. ते काम आधीच करून ठेवावे, नाहीतर ऐन वेळी तीनपैकी एक चौकट स्वीकारावी लागते.

संकेतस्थळावर तेच चित्र वापरताना दृष्टिहीन वाचकांसाठी पर्यायी मजकूर द्यायचा असतो, आणि तो द्यावाच. ‘अनसूयाबाईंनी लिहिलेले पत्र’ असे न लिहिता ‘अनसूयाबाईंच्या हातातले निळे आंतरदेशीय पत्र’ असे लिहिले की चित्राचे वर्णन पुरे होते. हाच नियम सबटायटलमधल्या आवाजांच्या नोंदींना लागू पडतो. ट्रेलरमध्ये काळ्या पडद्यावर कागदावर पेन चालल्याचा आवाज असेल, तर ‘[कागदावर पेन चालल्याचा आवाज]’ एवढीच नोंद असावी, कारण ऐकणाऱ्यालाही तो आवाज कोणाच्या पेनाचा हे ठाऊक नसते. ‘[अनसूया लिहीत आहे]’ अशी नोंद केली, तर ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाला शेवट कळतो आणि बाकीच्यांना कळत नाही, म्हणजे ज्याच्यासाठी सोय केली त्याचाच आनंद हिरावला जातो.

संवेदनशील विषयाची पूर्वसूचना दिली तर शेवट कळणार नाही का?

काही वेळा कळू शकतो, आणि तरीही सूचना द्यावी. ऑनलाइन प्रसारणासाठी भारतात 2021च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार यू, यू/ए 7+, यू/ए 13+, यू/ए 16+ आणि ए अशी वयोगटांची वर्गवारी आहे, आणि तिच्याबरोबर आशयाचे वर्णनही येते. आत्महत्येचे किंवा लैंगिक हिंसेचे चित्रण असलेल्या लघुपटात प्रेक्षकाला सावध करणे हे गुपितापेक्षा मोठे कर्तव्य आहे. सूचना कशी लिहायची ते मात्र आपल्या हातात असते. ‘नायकाच्या आत्महत्येचे दृश्य आहे’ असे न लिहिता ‘या लघुपटात आत्महत्येचा संदर्भ आहे’ असे लिहावे. पात्र, वेळ आणि परिणाम यांपैकी काहीही तिच्यात नसावे.

संकेतस्थळाच्या पानामागची नोंद कशी असावी?

शोधयंत्रांसाठी `schema.org`च्या संज्ञांमध्ये लघुपट आणि त्याचा ट्रेलर यांची नोंद वेगवेगळी करता येते, आणि त्यामुळे तारखांची सरमिसळ टळते. तिचा गाभा असा :

```json
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "Movie",
  "name": "आंतरदेशीय",
  "inLanguage": "mr",
  "duration": "PT18M",
  "datePublished": "2026-10-09",
  "trailer": {
    "@type": "VideoObject",
    "name": "आंतरदेशीय : ट्रेलर",
    "uploadDate": "2026-09-18T18:00:00+05:30",
    "duration": "PT1M10S"
  }
}
```

यात `description`मध्ये वरची लॉगलाइन, `thumbnailUrl`मध्ये चित्राचा पत्ता आणि `director`, `actor` यांत नावे भरायची असतात. `+05:30` विसरू नये. मध्यरात्री 12 वाजता प्रदर्शित केलेला ट्रेलर जागतिक प्रमाणवेळेनुसार आदल्या दिवशी सायंकाळी 6:30चा ठरतो, आणि हा वेळेचा विभाग न लिहिल्यास एका दिवसाचा फरक पडू शकतो. `actor`च्या नोंदीत भूमिकेचे नाव जोडण्याची सोय आहे. प्रदर्शनापूर्वी ती वापरू नये, कारण दिसणाऱ्या पानावरून जे काढले ते येथे राहून जाते.

व्हिडिओ फाइलच्या आतून काही फुटू शकते का?

होय. काही संकलन प्रणाली निर्यात केलेल्या फाइलीत वापरलेल्या क्लिपांची नावे आणि त्यांचे मार्ग साठवून ठेवतात. टाइमलाइनवर ठेवलेल्या खुणाही प्रकरणे म्हणून फाइलीत जाऊ शकतात. `38_anasuya_patra_lihite.mov` असे क्लिपचे नाव असेल, तर दृश्य ट्रेलरमध्ये अर्धा सेकंद आणि अंधारातच दिसत असले, तरी नावाने सगळे सांगितलेले असते. यूट्यूब फाइल नव्याने तयार करून दाखवते, त्यामुळे तेथे हा धोका नाही, पण पत्रकारांना आणि महोत्सवांना दुव्यावरून मूळ फाइल दिली जाते. ती देण्यापूर्वी आत काय आहे ते `exiftool` या प्रोग्रामने पाहावे आणि `ffmpeg` या प्रोग्रामने पुसावे :

```
exiftool -a -G1 -s antardeshiya_trailer.mp4
ffmpeg -i antardeshiya_trailer.mp4 -map_metadata -1 -map_chapters -1 -c copy trailer_clean.mp4
```

दुसऱ्या आज्ञेने चित्र आणि ध्वनी यांना धक्का लागत नाही. नव्या फाइलीवर पहिली आज्ञा पुन्हा चालवावी आणि क्लिपचे एकही नाव उरले नाही याची खात्री करावी.

सगळे भरल्यावर तपासायचे कसे?

स्वतः तपासून उपयोग होत नाही, कारण आपल्याला शेवट माहीत असतो. लघुपट न पाहिलेल्या दोन व्यक्तींना ट्रेलर न दाखवता फक्त शीर्षक, लॉगलाइन, तारीख, श्रेये, टॅग आणि थंबनेल द्यावे आणि विचारावे, ‘पुढे काय होत असेल?’ दोघांनी दोन वेगळी उत्तरे दिली तर काळजी नाही, त्यांतले एक बरोबर निघाले तरीसुद्धा. दोघांनी एकच आणि बरोबर उत्तर दिले, तर कोणत्या शब्दावरून तसे वाटले हे त्यांनाच विचारावे. बहुतेक वेळा तो शब्द एकच असतो आणि लॉगलाइनबाहेर असतो. एकेकटे वाचताना निरुपद्रवी वाटलेले दोन रकाने शेजारी आल्यावरच बोलू लागतात, म्हणून सगळा मजकूर एकत्रच द्यावा.

लघुपट प्रदर्शित झाल्यावर ट्रेलरच्या मेटाडेटात काय बदलावे?

‘9 ऑक्टोबर रोजी येत आहे’ हे वाक्य काढून तेथे पूर्ण लघुपटाचा दुवा पहिल्या ओळीत द्यावा. लॉगलाइन तशीच ठेवावी, कारण ट्रेलरवर येणारा प्रत्येक नवा प्रेक्षक शेवट न पाहिलेलाच असतो. ज्यांची श्रेये तात्पुरती ‘अन्य कलाकार’ किंवा ‘कला साहाय्य’ यांत ठेवली होती त्यांची नेमकी नोंद लघुपटाच्या पानावर त्याच दिवशी पूर्ववत करावी, आणि तशी केल्याचे त्यांना फोन करून कळवावे.